फोटोतल्या दोन ओळींपैकी खालची

भाचीने पाठवलेला फोटो रात्री साडेनऊच्या सुमारास आला, तेव्हा मी राजारामपुरीतल्या घरी जेवण उरकून दुसऱ्या दिवशीच्या अहवालाची वही उघडून बसलो होतो. फोटो संगणकाच्या पडद्याचा होता, तोही तिरका काढलेला. एका बाजूला ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा पडला होता, आणि डावीकडचा तो भाग, जिथे ओळींची नावे असतात, चौकटीच्या बाहेरच राहिला होता. खाली तिने लिहिले होते, ‘मामा, टी टेस्ट झाली, बघून घ्या.’ मी बघितली आणि चुकीची वाचली. एकदा नव्हे, दोनदा.

आधी प्रश्न काय होता ते सांगतो. मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत गुणवत्ता तपासणीचे काम करतो. आमच्याकडे ग्रे आयर्नची कास्टिंगे मुख्यतः विजेवर चालणाऱ्या इंडक्शन फर्नेसच्या धातूतून ओतली जातात, पण जुना क्युपोला, म्हणजे कोकवर पेटणारी उभी भट्टी, अजून आठवड्यातून एकदा पेटतो. मशिन शॉपची गेले काही महिने तक्रार होती की क्युपोलाचा माल कडक येतो आणि टूलची टोके जातात. मालकांनी विचारले की हे खरे आहे की नुसते बोलणे आहे, तेव्हा मी एकाच प्रकारच्या कास्टिंगवर ब्रिनेल कडकपणा मोजून घेतला. क्युपोलाची बारा कास्टिंगे होती, बारा आठवड्यांतली, प्रत्येक आठवड्याचे एक. इंडक्शनची तीस होती, तीस वेगवेगळ्या हीटमधली, म्हणजे तीस वेगवेगळ्या वेळी वितळवलेल्या धातूतली. दहा मिलिमीटरचा गोळा, तीन हजार किलोग्रॅमचा भार, आणि उमटलेल्या खड्ड्याचा व्यास सूक्ष्मदर्शकातून वाचायचा, अशी ती रोजचीच चाचणी आहे. व्यास ४.३० मिलिमीटर आला की ब्रिनेल कडकपणा अंक, म्हणजे बीएचएन, १९७, आणि ४.२० आला की २०७. म्हणजे व्यास जितका लहान, तितका धातू कडक.

क्युपोलाची सरासरी २०५.५ आली आणि इंडक्शनची १९७.५. फरक आठ अंकांचा होता. हा फरक क्युपोलाचाच म्हणायचा, की बाराच कास्टिंगे घेतल्यामुळे योगायोगाने दिसलेला, हे ठरवायला दोन नमुन्यांची टी चाचणी लागते. भाची संख्याशास्त्रात एम.एस्सी. करते आणि तिच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत एसपीएसएस ही संख्याशास्त्राची संगणक प्रणाली आहे. तिथे पेन ड्राइव्ह लावू देत नाहीत, म्हणून फोटो.

फोटोतल्या मुख्य तक्त्याचे मला दिसत होते ते आकडे, शेवटचे काही स्तंभ सोडून, असे होते:

```
F        Sig.    t       df       Sig. (2-tailed)
14.600   .000    2.330   40       .025
                 1.678   12.480   .118
```

`Sig.` म्हणजे p: खरा फरक नसतानाही एवढा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता. ती पाच टक्क्यांहून, म्हणजे ०.०५ हून, कमी आली तर फरक खरा धरायचा असा रिवाज. माझी पहिली चूक पहिल्याच ओळीच्या सुरुवातीला झाली. `Sig.` या शब्दाखाली `.000` दिसले आणि मला वाटले की संपलेच, फरक अगदी पक्का आहे. वहीत मी तसे लिहूनही टाकले. पण तक्त्यात `Sig.` हा शब्द दोनदा आला होता हे त्यानंतर लक्षात आले. डावीकडचे `F` आणि `Sig.` हे लेव्हीनच्या चाचणीचे स्तंभ आहेत, आणि ती चाचणी सरासरींबद्दल काहीच सांगत नाही. दोन गटांचे प्रचरण, म्हणजे आकड्यांचा पसारा, सारखा आहे का एवढेच ती तपासते. त्या स्तंभांवरचे मोठे शीर्षक फोटोत ट्यूबलाइटच्या पट्ट्याखाली गेले होते. दुसऱ्या ओळीत हे दोन घर रिकामे असतात, कारण लेव्हीनची चाचणी दोन ओळींसाठी एकदाच केली जाते आणि तिचा निकाल वरच्या ओळीत छापला जातो. तक्त्याची ही मांडणीच असा घोटाळा करायला लावते, असे माझे मत आहे: वरची ओळ भरलेली आणि पहिली दिसते, खालची अर्धी रिकामी आणि पुरवणीसारखी.

म्हणून दुसरी चूक. `.000` खोडून मी त्याच वरच्या ओळीतून `.025` उचलले. पाच टक्क्यांच्या आत आहे, फरक सार्थ आहे, क्युपोलाचा माल खरोखर कडक आहे. हे वाक्य लिहून झाल्यावर मी खालच्या ओळीकडे पाहिले आणि अडखळलो, कारण तिथे `.118` होते. तोच डेटा, तोच आठ अंकांचा फरक, आणि निकाल उलटा.

भाचीला फोन केला. ती म्हणाली, “मामा, खालची ओळ बघा की. वरची आपल्यासाठी नाहीच.”

मी म्हणालो, “पण फोटोत ओळींची नावंच नाहीत. कुठली कुठली ते तुला तरी कसं कळलं?”

“`df` बघा. पूर्णांक आहे ती वरची, दशांश आहे ती खालची.”

हे एक वाक्य त्या रात्रीतले सर्वांत कामाचे ठरले, म्हणून ते सावकाश सांगतो. `df` म्हणजे स्वातंत्र्यमात्रा. दोन्ही गटांचे प्रचरण समान आहे असे धरणारी जी टी चाचणी आहे, तिच्यात स्वातंत्र्यमात्रा म्हणजे दोन्ही नमुन्यांची बेरीज वजा दोन. माझ्या बाबतीत बारा अधिक तीस वजा दोन, चाळीस. ती नेहमी पूर्णांकच असणार. पडद्यावर त्या ओळीचे नाव `Equal variances assumed` असते. प्रचरण समान न धरणारी जी चाचणी बी. एल. वेल्च यांनी १९४७ मध्ये मांडली, तिची स्वातंत्र्यमात्रा नमुन्यांच्या पसाऱ्यावरून काढली जाते आणि जवळजवळ नेहमी अपूर्णांकात येते. त्या ओळीचे नाव `Equal variances not assumed`. नावे कापली गेली, ओळी वाकड्या दिसल्या, तरी चाळीस कुठे आहे आणि १२.४८ कुठे आहे यावरून ओळ ओळखता येते. फक्त आधी स्वतःच्या वहीतून दोन्ही नमुन्यांची संख्या मोजून बेरीज वजा दोन करून ठेवावी, म्हणजे फोटोतला अंधुक दशांशबिंदू फसवत नाही. माझ्या फोटोत `12.480` मधला बिंदू इतका पुसट होता की तो 12480 असाही वाचता आला असता.

आता खालचीच का. भाचीने लेव्हीनच्या `.000` कडे बोट दाखवले. त्या चाचणीचे मूळ गृहीतक असे की दोन्ही गटांचे प्रचरण सारखे आहे. `Sig.` पाच टक्क्यांहून कमी आले तर ते गृहीतक टिकत नाही, म्हणजे प्रचरण असमान, म्हणजे खालची ओळ. इथे डोक्याची उलटी सवय आडवी येते, कारण आपण एरवी लहान आकडा म्हणजे ‘काम झाले’ असे समजतो आणि इथे लहान आकडा म्हणजे ‘वरच्या ओळीची अट मोडली’. शिवाय `.000` म्हणजे शून्य नव्हे. तीन दशांशांपर्यंत गोल केल्यावर शून्य दिसते एवढेच, आणि लिहिताना ०.००१ पेक्षा कमी असे लिहायचे.

एवढे ऐकून मी फोन ठेवला, पण समाधान झाले नाही. नियम कळला होता. एकाच फरकाला एक ओळ ०.०२५ आणि दुसरी ०.११८ का म्हणते, ते कळले नव्हते. फोटोच्या वरच्या भागात `Group Statistics` नावाचा छोटा तक्ता होता आणि तो सुदैवाने स्पष्ट होता. त्यात क्युपोलाचे प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून साधारण किती दूर पसरले आहेत ते माप, १६ आणि इंडक्शनचे ६.५ असे होते. एका जुन्या टेस्ट रिपोर्टच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी हिशेब मांडला.

विचलनाचा वर्ग म्हणजे प्रचरण. क्युपोलाचे २५६, इंडक्शनचे ४२.२५. वरची ओळ या दोन प्रचरणांची एकच सरासरी काढते, पण साधी नव्हे, वजन देऊन: क्युपोलाला अकरा, इंडक्शनला एकोणतीस. तीस कास्टिंगांचा गट मोठा, म्हणून त्याचे म्हणणे जास्त चालते. मिश्रण येते १०१. मग हेच १०१ दोन्ही गटांना लावले जाते. क्युपोलासाठी १०१ भागिले बारा, ८.४२. इंडक्शनसाठी १०१ भागिले तीस, ३.३७. बेरीज ११.७९, तिचे वर्गमूळ ३.४३. ही फरकाची प्रमाण त्रुटी. आठ भागिले ३.४३ म्हणजे २.३३, आणि फोटोतल्या वरच्या ओळीत तेच होते.

खालची ओळ मिश्रण करत नाही. क्युपोलाचे स्वतःचे २५६ भागिले बारा, २१.३३. इंडक्शनचे स्वतःचे ४२.२५ भागिले तीस, १.४१. बेरीज २२.७४, वर्गमूळ ४.७७, आणि आठ भागिले ४.७७ म्हणजे १.६८. हाही आकडा फोटोशी जुळला.

दोन्ही हिशेब शेजारी ठेवल्यावर गोष्ट उघड झाली. क्युपोलाच्या सरासरीतली खरी अनिश्चितता २१.३३ इतकी होती आणि वरच्या ओळीने ती ८.४२ धरली होती, म्हणजे निम्म्याहूनही कमी. इंडक्शनच्या तीस शिस्तीच्या कास्टिंगांनी आपली शिस्त क्युपोलाच्या बारा बेशिस्त कास्टिंगांना उधार दिली होती. लहान गटाचा पसारा मोठा असेल, तर वरची ओळ अशी भाबडी होते आणि नसलेला फरकही खरा म्हणून सांगू शकते. उलट मोठ्या गटाचा पसारा मोठा असता, तर तीच ओळ विनाकारण घाबरट झाली असती आणि खरा फरक लपवला असता. दोन्ही गटांत संख्या सारखी असेल, तर दोन्ही ओळींतला `t` तंतोतंत एकच येतो आणि फरक पडतो तो फक्त स्वातंत्र्यमात्रेत. तेव्हा ओळ चुकली तरी नुकसान सहसा थोडे असते. माझ्याकडे बारा आणि तीस होते, आणि पसारा नेमका लहान गटाचा मोठा होता, म्हणजे सगळ्यांत वाईट जोडी.

स्वातंत्र्यमात्रा चाळीसवरून १२.४८ पर्यंत का घसरली, याचेही उत्तर त्याच कागदावर होते. एकूण २२.७४ पैकी २१.३३ एकट्या क्युपोलाकडून आले आहेत. म्हणजे निकालातली जवळजवळ सगळी शंका त्या बारा कास्टिंगांची आहे, आणि बारा कास्टिंगांची स्वातंत्र्यमात्रा अकरा. वेल्चच्या पद्धतीत ही संख्या लहान गटाच्या स्वातंत्र्यमात्रेहून, इथे अकराहून, खाली जात नाही आणि चाळीसच्या वरही जात नाही. ती अकराला इतकी चिकटलेली असणे म्हणजे इंडक्शनची आणखी शंभर कास्टिंगे मोजून काही हाती लागणार नाही, असेच ती सांगत होती. मोजायची असतील तर क्युपोलाची मोजायला हवीत.

खात्रीसाठी भाचीने तिच्या लॅपटॉपवर आर या मोफत प्रणालीत तीन ओळी चालवून मला उत्तर सांगितले:

```
se <- sqrt(16^2/12 + 6.5^2/30)
t  <- 8/se
2*pt(-abs(t), 12.48)
```

उत्तर ०.११८. कच्चा डेटा हाताशी असेल, तर आरमधली `t.test()` ही आज्ञा काही न सांगता वेल्चचीच चाचणी करते आणि समान प्रचरण धरायचे असेल तर ते मुद्दाम सांगावे लागते. मला हा रिवाज बरा वाटतो. लेव्हीनचा निकाल पाहून ओळ निवडायची ही पाठ्यपुस्तकी वाट आहे, पण तिची अडचण अशी की नमुने लहान असतील तर लेव्हीनच्या चाचणीला असमानता पकडण्याची ताकदच नसते. पाच-सहा कास्टिंगांवर `.20` आले म्हणून प्रचरण समान ठरत नाही. प्रचरण खरोखर सारखे असताना खालची ओळ वापरली तर तोटा फारच थोडा असतो, म्हणून अनेक संख्याशास्त्रज्ञ लेव्हीनकडे न बघता सरळ खालचीच ओळ घ्या असे सांगतात, आणि मी आता तेच करतो.

राहिले वाचन. खालच्या ओळीत उजवीकडे, फोटोच्या अगदी कडेला, फरकाच्या पंच्याण्णव टक्के विश्वास-मर्यादा होत्या, म्हणजे खरा फरक ज्या पट्ट्यात असावा त्याची दोन टोके: उणे २.३५ ते १८.३५. त्यातले उणे चिन्ह मला पहिल्यांदा दिसलेच नव्हते, आणि ते निसटले की २.३५ ते १८.३५ असा सगळा धन पट्टा दिसतो आणि निकाल पुन्हा उलटतो. पडताळा सोपा आहे. फरक आठ असेल, तर दोन्ही टोके आठपासून सारख्या अंतरावर असली पाहिजेत. १८.३५ पर्यंत अंतर १०.३५ आहे, तेव्हा खालचे टोक आठ वजा १०.३५, म्हणजे उणे २.३५ असलेच पाहिजे. खुद्द आठ हा आकडा दोन्ही ओळींत सारखाच असतो. त्याचे चिन्ह मात्र कोणता गट पहिला टाकला यावर ठरते. भाचीने क्युपोला पहिला टाकला होता, म्हणून धन आठ म्हणजे क्युपोला जास्त.

मग अहवालात काय लिहायचे? ‘फरक नाही’ असे लिहिणे चूक ठरले असते. पट्ट्यात शून्य आहे तसे अठराही आहे. क्युपोलाचा माल सरासरीने अठरा अंकांनी कडक असू शकतो, किंवा अजिबात नसू शकतो. या बारा कास्टिंगांवरून ते सांगता येत नाही, इतकेच म्हणता येते. मी लिहिले: सरासरी कडकपणातील फरक ८ बीएचएन; असमान प्रचरणाची टी चाचणी, t = १.६८, स्वातंत्र्यमात्रा १२.४८, p = ०.११८, फरक सिद्ध होत नाही. चाचणीचे नाव आणि अपूर्णांकातली स्वातंत्र्यमात्रा मुद्दाम लिहिली, म्हणजे कोणती ओळ घेतली हे वाचणाऱ्याला विचारावे लागणार नाही.

हे लिहून झाल्यावर मात्र जाणवले की मशिन शॉपची तक्रार खोटी ठरलेली नाही, मीच तिचा प्रश्न चुकीचा मांडला होता. टूल सरासरीने तुटत नाही, एखाद्या कडक कास्टिंगने तुटते. ड्रॉइंगवरची मर्यादा १८० ते २२० अशी आहे. वही पुन्हा पाहिली: क्युपोलाच्या बारापैकी दोन २२९, एक २२३ आणि एक १७९, म्हणजे चार मर्यादेबाहेर. इंडक्शनच्या तीसपैकी एकही बाहेर नव्हते. ज्या लेव्हीनच्या `.000` ला मी आधी चुकून उत्तर समजलो आणि मग ओळ निवडण्यापुरते वापरून बाजूला ठेवले, ते आमच्या कामापुरते खरोखरच उत्तर होते, फक्त वेगळ्या प्रश्नाचे.

सकाळी अहवालात एक स्तंभ वाढवला: सरासरीशेजारी प्रमाण विचलन, १६ आणि ६.५, आणि मर्यादेबाहेरच्या कास्टिंगांची संख्या. मालकांनी वाचून चाचणीबद्दल काही विचारले नाही. क्युपोलाच्या प्रत्येक पेटवणीतून आता एकाऐवजी तीन कास्टिंगे घ्यायला त्यांनी सांगितले. त्यावर मी एवढेच म्हणालो की एकाच दिवसाची तीन कास्टिंगे म्हणजे तीन स्वतंत्र मोजण्या नव्हेत, आणि ती तशी मोजली तर दोन्ही ओळी खोट्या ठरतील. तिन्हींची सरासरी काढून त्या दिवसाचा एकच आकडा धरेन. ते हो म्हणाले. भाचीला मी निरोप पाठवला की पुढच्या वेळी फोटो काढताना डावीकडची नावे चौकटीत घे आणि ट्यूबलाइट बंद कर.